कोंड्याचा औषधी शाम्पू आणि केसांचा रंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केस रंगवण्याचं काम करता करता मला सर्वात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "कोंड्याचा शाम्पू वापरते, मग रंग टिकेल का?" मला स्वतःलाही बरीच वर्षं कोंड्याचा त्रास आहे आणि टाळू नाजूक आहे, त्यामुळे हे प्रश्न मी दोन्ही बाजूंनी पाहिलेत. इथली उत्तरं मुख्यतः पर्मनंट रंगाबद्दल आहेत, म्हणजे ज्यात रंगाची ट्यूब आणि डेव्हलपर मिसळून लावतात. बाकीच्या रंगांचा उल्लेख जिथे गरज आहे तिथे केला आहे.

औषधी शाम्पूने रंग खरंच लवकर उतरतो का?

उतरतो, पण दोष बहुतेक वेळा औषधाचा नसतो. तो धुण्याचा असतो.

पर्मनंट रंग कसा बसतो ते पाहिलं की हे लक्षात येतं. अमोनिया किंवा त्यासारखा अल्कली केसाचं वरचं खवल्यांचं आवरण फुगवून सैल करतो. रंगाचे अगदी छोटे, बिनरंगी कण आत शिरतात. डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांना एकमेकांशी जोडून मोठं करतं आणि मोठे झालेले कण आत अडकून राहतात. मात्र याच क्रियेत केसावरचा नैसर्गिक तेलकट थर निघून जातो. रंगवलेला केस त्यामुळे पाणी जास्त पितो. ओला झाला की फुगतो, आणि फुगलेल्या केसातून थोडा थोडा रंग बाहेर येतो. नुसत्या पाण्यानेही हे होतं. गरम पाणी आणि जोरदार फेस असला की वेग वाढतो.

कोंड्याचे पुष्कळ शाम्पू तेल काढून टाकण्यासाठी बनवलेले असतात, म्हणून त्यांचा साबणाचा भाग कडक असतो. वर ते तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवायचे असतात. म्हणजे साध्या शाम्पूच्या कितीतरी पट वेळ केस त्या फेसात भिजतात. रंग जातो तो या भिजण्यामुळे.

यातूनच सुटकेची वाटही सापडते. कोंडा टाळूवर असतो. रंग सर्वात आधी उतरतो तो लांबीवरचा आणि टोकांचा, कारण तो भाग जुना, वारंवार रंगवलेला आणि सच्छिद्र असतो. मुळाजवळचा नवा केस धडधाकट असतो, तो रंग चांगला धरून ठेवतो. औषध टाळूपुरतं ठेवता आलं तर निम्मं काम झालं.

कुठला औषधी घटक रंगासाठी त्यातल्या त्यात बरा?

बाटली उलटून मागचं लेबल वाचा. पुढे काय लिहिलंय त्याला महत्त्व देऊ नका.

रंगवलेल्या केसांसाठी माझी पहिली पसंती केटोकोनॅझोलला असते. कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची यीस्ट असते. ती प्रत्येकाच्याच टाळूवर राहते, टाळूच्या तेलावर जगते, आणि त्या तेलाचं विघटन करताना जी आम्लं सुटतात ती काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. केटोकोनॅझोल या यीस्टला आवर घालतं आणि त्वचेच्या वरच्या थराला चिकटून राहतं, म्हणून आठवड्यातून दोनदा लावलं तरी पुरतं. धुणं कमी म्हणजे रंग जाणं कमी. तरीही हे औषध रंगाच्या बाबतीत पूर्ण निर्धोक नाही. रसायनांनी खराब झालेल्या किंवा पांढऱ्या केसांचा रंग बदलल्याच्या नोंदी या औषधाच्या माहितीपत्रकातही असतात.

सेलेनियम सल्फाइड कोंड्यावर प्रभावी आहे, पण रंगाच्या बाबतीत मी त्याच्यापासून चार हात लांब राहते. नीट धुतलं गेलं नाही तर ते केसांचा रंग पालटवू शकतं, विशेषतः पांढऱ्या, ब्लीच केलेल्या किंवा रंगवलेल्या केसांचा. रंगवण्याच्या आधीचे आणि नंतरचे 48 तास ते वापरू नये. डॉक्टरांनी हेच लिहून दिलं असेल तर केस रंगवता असं त्यांना आवर्जून सांगा.

कोल टार पांढऱ्या आणि फिक्या केसांवर पिवळट-तपकिरी डाग सोडू शकतो. काळ्या केसांवर ते दिसत नाही. सॅलिसिलिक अॅसिड यीस्टवर काम करत नाही, ते साचलेल्या खपल्या सैल करतं. जाड खपल्या असतील तर रंगवण्याच्या काही आठवडे आधी त्याचा चांगला उपयोग होतो, पण नाजूक टाळूला रंगाच्या ऐन तोंडावर ते लावू नये. झिंक पायरिथिओन सौम्य असतं, साधारण कोंड्याला पुरतं, आणि रंगाबद्दलची त्याची तक्रार माझ्याकडे क्वचितच आली आहे.

रंगवायच्या आधी औषधी शाम्पू किती दिवस वापरावा आणि कधी थांबवावा?

या सगळ्यात मी सर्वात जास्त आग्रह धरते तो या टप्प्याचा. कोंडा चिघळलेला असताना रंग लावू नका. आधी कोंडा आटोक्यात आणा, मग रंग.

चिघळलेल्या टाळूवर त्वचेचं वरचं कवच ठिकठिकाणी उघडं पडलेलं असतं. त्यातून अल्कली आणि पेरॉक्साइड थेट आत जातात आणि आग होते. रंगातल्या पीपीडीसारख्या घटकांची ऍलर्जी जडण्याचा धोकाही अशा त्वचेत जास्त. शिवाय खपल्या रंग पितात. मुळाशी खपली चिकटलेली असेल तर तिच्याखालचा केस कोरा राहतो आणि दोन दिवसांनी रंगीत खपली गळून पडते. मग मुळाशी ठिपक्यांसारखे पांढरे डाग दिसतात आणि लोक म्हणतात, रंग धरलाच नाही.

2% केटोकोनॅझोल असेल तर आठवड्यातून दोनदा, असं दोन ते चार आठवडे. शेवटचं औषधी धुणं रंगवण्याच्या दोन-तीन दिवस आधी. सेलेनियम सल्फाइडसाठी 48 तास ही किमान मर्यादा आहे, मी चार-पाच दिवस सोडते. सॅलिसिलिक अॅसिडसाठीही तेच.

टाळू तयार झाली का हे पाहण्यासाठी उजेडात बसा आणि कंगव्याच्या टोकाने चार ठिकाणी भांग पाडा: दोन्ही कानांच्या वर, मधोमध आणि मानेजवळ. भांगात थोडी कोरडी पांढरी पूड दिसली तर चालेल. लाली, ओलसरपणा, पिवळट चिकट पापुद्रा किंवा खाजवल्याच्या रेघा दिसल्या तर तारीख पुढे ढकला. बोटाने दाबल्यावर हुळहुळलं तरी ढकला.

रंगवायच्या दिवशी सकाळी डोकं धुवावं का?

नको. आदल्या दिवशी सौम्य शाम्पूने धुवा. एका दिवसात सुटणारं टाळूचं तेल तेवढंच संरक्षण देतं. त्या दिवशी नखाने किंवा बारीक दातांच्या फणीने खपल्या काढत बसू नका, आणि रंगाआधी ब्रश जोरात फिरवू नका.

टाळू वाचवायला रंगाआधी तेल थापलं तर?

केसांच्या कडेला, कानांवर आणि मानेवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, तेवढं पुरे. टाळूवर तेल थापलं तर मुळाशी रंग नीट बसत नाही, आणि कोंडा असेल तर वनस्पती तेल यीस्टला खाद्यच पुरवतं.

दरवेळी हाच रंग लावते. तरी पॅच टेस्ट करायची?

करायची. रंगाची ऍलर्जी पहिल्याच वापरात होते असं नाही. दहा वर्षं सोसलेला रंग अकराव्या वर्षी सोसेनासा होतो. रंगाच्या पाकिटावर दिलेल्या पद्धतीने, कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे, 48 तास आधी. मी कोपर निवडते, कारण मधल्या काळात डोकं धुता येतं.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. कोंड्यासाठी किंवा खाजेसाठी स्टेरॉइडचं लोशन चालू असेल, किंवा ऍलर्जीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर टेस्टची प्रतिक्रिया दबू शकते आणि सगळं ठीक आहे असा समज होतो. अशा वेळी आधी डॉक्टरांना विचारा.

रंग डोक्यावर असताना जळजळते. थोडं सहन करावं का?

हलकी चुणचुण पहिल्या पाच मिनिटांत येऊन ओसरली तर ती सहसा अल्कलीमुळे असते. जळजळ वाढत गेली, एकाच जागी चटका बसल्यासारखं वाटलं किंवा पापण्या जड झाल्या, तर घड्याळाकडे बघू नका. लगेच भरपूर कोमट पाण्याने धुऊन टाका.

मी एकदा सहन केलं आहे. एका समारंभाच्या आदल्या रात्री डाव्या कानामागची खपली फणीने काढली आणि सकाळी रंग लावला. दहाव्या मिनिटाला तिथे निखारा ठेवल्यासारखं झालं. अजून वीसच मिनिटं, असं म्हणत मी बसून राहिले. धुतल्यावर तिथे रुपयाएवढा लालबुंद ओला चट्टा होता. तो चार दिवस पाझरत होता आणि त्यावर खपली धरून पडायला तीन आठवडे गेले. तेव्हापासून माझ्या खुर्चीत बसणाऱ्याला मी आधी एकच विचारते, "कुठे खाजवलंत का?" हो म्हणाले तर त्या दिवशी रंग नाही.

रंगवल्यानंतर पहिला औषधी शाम्पू कधी?

तीन-चार दिवसांनी. रंग तयार होण्याची क्रिया डोक्यावर रंग असतानाच जवळजवळ पूर्ण होते, त्यामुळे थांबल्याने रंग आत पक्का होत राहतो असं नाही. थांबायचं ते टाळूसाठी. अल्कली आणि पेरॉक्साइडच्या माऱ्यानंतर तिला दोन-तीन दिवसांची उसंत हवी असते. केसाला फायदा इतकाच की तो त्या दिवसांत भिजत नाही.

मध्ये धुवावंच लागलं तर सल्फेट नसलेला सौम्य शाम्पू, कोमट पाणी, हलका हात. आणि पहिल्या एक-दोन धुण्यांत पाण्याला रंग दिसला तर घाबरू नका. केसावर वरवर राहिलेला जादा रंग निघत असतो.

औषध टाळूला लागावं पण लांबीला नको, हे प्रत्यक्षात कसं करायचं?

थोडी सवय लागते, पण याने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या कलर शाम्पूनेही पडत नाही.

केस पूर्ण ओले करा आणि पाणी पिळून काढा. आता क्रम उलटा करायचा आहे: आधी कंडिशनर. कानाच्या पातळीपासून टोकांपर्यंत कंडिशनर लावा आणि लांबी सैल वेणीसारखी वळून मानेवर सोडा. कंडिशनरने भिजलेल्या केसात फेस सहज शिरत नाही. मग औषधी शाम्पू, साधारण दोन चहाचे चमचे, एका वाटीत तेवढ्याच पाण्यात कालवा. बोटांनी भांग पाडत जा आणि बोटांच्या पेरांनी तो थेट त्वचेवर टेकवत जा, पुढून मागे, पाच-सहा रांगांत. नखं लावू नका. केस डोक्यावर गोळा करून चोळू नका, ही सवय मोडायला सर्वात कठीण जाते. तीन ते पाच मिनिटं थांबा. घड्याळ लावूनच थांबा, कारण अंदाजाने एका मिनिटाची पाच मिनिटं होतात आणि औषध काम करण्याआधीच वाहून जातं.

धुताना डोकं पुढे वाकवा, म्हणजे फेस लांबीवरून ओघळत पाठीवर जाण्याऐवजी कपाळाकडून निघून जातो. डोळे मिटलेले ठेवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, मग आणखी एक मिनिट.

याने प्रत्यक्षात किती फरक पडतो? एखादं उदाहरण?

एक ताई माझ्याकडे आल्या, वय 45, खांद्यापर्यंत केस, लालसर तपकिरी पर्मनंट रंग. बारा दिवसांत लांबी फिकट नारिंगी झाली होती, मुळं मात्र अजून गडद होती. मुळं शाबूत आणि लांबी उतरलेली दिसली की कारण धुण्यात शोधायचं. विचारल्यावर कळलं, की रंगानंतर खाज वाढली म्हणून त्या 2% केटोकोनॅझोल रोज लावत होत्या. सगळे केस डोक्यावर घेऊन, गरम पाण्याने. बारा दिवसांत बारा वेळा, जिथे तीन-चार वेळा पुरले असते. रोजच्या माऱ्याने टाळू कोरडी पडून खाज आणखी वाढली होती, आणि त्या तिलाच कोंडा समजत होत्या.

लगेच पुन्हा रंगवायला मी नकार दिला. तीन आठवडे रविवारी आणि बुधवारी औषधी शाम्पू, वरच्या पद्धतीने. चौथ्या धुण्यानंतर खाज जवळजवळ थांबली. शेवटचं औषधी धुणं बुधवारी. गुरुवारी सकाळी कोपराच्या आत पॅच टेस्ट. शुक्रवारी कोपर कोरडं ठेवून सौम्य शाम्पू. शनिवारी टेस्टची जागा स्वच्छ, भांगात लाली नाही, म्हणून रंग लावला.

इथेही एक बदल केला. पर्मनंट रंग 6% डेव्हलपरसोबत फक्त मुळांना लावला, आणि तोही त्वचेला घासून नाही. लांबीला अमोनिया नसलेला डेमी-पर्मनंट रंग, कमी ताकदीच्या डेव्हलपरसोबत, शेवटच्या दहा मिनिटांत. आधीच सच्छिद्र झालेल्या लांबीवर दरवेळी पर्मनंट रंग चढवला की ती आणखी सच्छिद्र होते आणि पुढचा रंग आणखी लवकर सोडते.

पहिलं औषधी धुणं पुढच्या बुधवारी, मग दर बुधवारी एकदा. मध्ये एकदा सौम्य शाम्पू. चौथ्या आठवड्याअखेर मुळाशी सेंटिमीटरभर पांढरी रेघ दिसत होती, केस महिन्याला साधारण तेवढेच वाढतात. लांबी थोडी उजळली होती. लाल छटा सर्वात आधी जातेच. पण नारिंगी झाली नव्हती.

रंगानंतर पुन्हा खपल्या पडायला लागल्या. कोंडा परतला की रंगाची ऍलर्जी?

वेळ आणि जागा बघा.

रंगानंतर एक-दोन दिवसांत कोरड्या, बारीक, पांढऱ्या खपल्या आणि ताणल्यासारखी टाळू असेल, तर तो रंगाने आलेला कोरडेपणा. औषधी शाम्पूने तो वाढतो. सौम्य धुणं आणि थोडे दिवस, बस. तेलकट, पिवळसर खपल्या हळूहळू, आठवड्या-दोन आठवड्यांत वाढत गेल्या आणि भुवयांत किंवा नाकाच्या कडेलाही दिसल्या, तर कोंडा परतला आहे.

ऍलर्जी सहसा 24 ते 72 तासांत उठते आणि गंमत अशी की टाळूपेक्षा कपाळ, कान, मान आणि पापण्यांवर जास्त दिसते. खाज तीव्र असते, त्वचा सुजते, कधी पाणी धरतं. असं झालं तर रंग आणि औषधी शाम्पू दोन्ही बंद आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. श्वास लागला किंवा चेहरा भराभर सुजला तर तातडीने रुग्णालयात. तो रंग पुन्हा लावायचा नाही, आणि काळी छटा देणाऱ्या "काळी मेंदी" प्रकारापासूनही लांब राहायचं, कारण त्यात बऱ्याचदा पीपीडीच असतं.

जाड, चंदेरी, कडा स्पष्ट असलेले चट्टे केसांच्या रेषेबाहेर येत असतील तर ते सोरायसिस असू शकतं. तेही डॉक्टरांनाच दाखवा.

निळा, गुलाबी असे सेमी-पर्मनंट रंग आणि मेंदी यांचं काय?

सेमी-पर्मनंट रंग केसाच्या बाहेरच्या थरांपुरता राहतो, म्हणून औषधी शाम्पूने तो झपाट्याने जातो. कोंडा चालू असेल तर असा रंग मुळापासून न लावता फक्त टोकांना लावा, म्हणजे औषधाशी त्याची गाठच पडत नाही. शुद्ध मेंदीचा रंग केसातल्या केराटिनला घट्ट चिकटतो आणि औषधी शाम्पूला चांगलाच टिकतो.

कोंडा गेला. आता औषधी शाम्पू पूर्ण बंद करू?

केलात तर काही आठवड्यांत तो परत येण्याची शक्यता मोठी. यीस्ट टाळूवरून कायमची जात नाही. आठवड्यातून किंवा दोन आठवड्यांतून एकदा केटोकोनॅझोल चालू ठेवा. एवढ्याने रंगाचं फार बिघडत नाही. मुळं रंगवायची तारीख आधी ठरवा, कॅलेंडरवर तिच्या तीन दिवस आधी एक खूण आणि चार दिवसांनंतर एक खूण करा. या दोन खुणांच्या मध्ये औषधी बाटलीला हात लावायचा नाही.